‘ऊन लागलं’ हे कागदावर कसं सिद्ध होतं: नाकारलेल्या प्रवास विम्याचं अपील

चोपड्याच्या एका जोडप्याची व्हिएतनामची सहल निघायच्या दोन दिवस आधी रद्द झाली आणि विमा कंपनीने दावा नाकारला. त्या अपिलाची फाइल पहिल्या पत्रापासून निवाड्यापर्यंत मी लिहिली. दावा बरोबर असूनही अशा फाइली कुठे अडतात आणि ‘हे कारण पॉलिसीच्या यादीत बसतं’ हे कसं दाखवायचं, ते या एका प्रकरणावरून नीट उलगडतं.

आधी घटना. पॉलिसी 2 एप्रिलला घेतली होती आणि मुंबईहून विमान 19 मेच्या रात्रीचं होतं. 16 मेला दुपारी नवऱ्याची आई, वय 66, गच्चीवर बिबडे वाळत घालताना चक्कर येऊन पडली. खान्देशात मे महिन्यात वाळवणाचं काम सकाळी लवकर उरकतात, पण त्या दिवशी एक वाजून गेला होता. उचललं तेव्हा अंग भाजत होतं, बोलणं असंबद्ध होतं आणि घाम अजिबात नव्हता. जळगावच्या एका खासगी रुग्णालयात दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी दाखल केलं. आधी आयसीयू, मग वॉर्ड, आणि 20 मेला सकाळी 11 वाजता घरी सोडलं.

सहलीचा खर्च असा होता. विमानाची तिकिटं 58,000 रुपये, तिथलं हॉटेल-गाडी-दर्शनाचं पॅकेज 84,000, व्हिसा 6,000. विमान कंपनीने करांचे 7,400 परत केले, पॅकेजचा एक रुपयाही परत आला नाही. व्हिसाचा खर्च त्या पॉलिसीत वगळलेला होता, म्हणून तो दाव्यात घातलाच नाही. मागणी 1,34,600 रुपयांची झाली. पॉलिसीत सहल रद्द होण्यासाठी माणशी 75,000 ची मर्यादा होती आणि माणशी 2,500 स्वतः सोसायचे होते.

24 जूनला आलेलं नकारपत्र चार ओळींचं होतं. त्यात दोन कारणं होती. एक, रुग्णाला आधीपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे, त्यामुळे हे दाखल होणं ‘पूर्वीपासूनच्या आजारातून उद्भवलेलं’ आहे आणि ते वगळलेलं आहे. दोन, सुनेसाठी सासू ही ‘जवळच्या कुटुंबीयां’च्या व्याख्येत येत नाही, म्हणून तिच्या नावचा दावा तसाही बसत नाही.

असं पत्र आलं की बहुतेक जण त्याच रात्री रागाने मोठा ईमेल लिहितात. हप्ता भरला, आई मरणाच्या दारात होती, तुम्हाला माणुसकी नाही, असं सगळं त्यात येतं. तो राग खरा असतो, पण तपासणाऱ्याच्या समोर एकच प्रश्न असतो: पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या कागदाच्या आधारे. म्हणून पहिलं काम पॉलिसीचा पूर्ण मजकूर हाताशी घेण्याचं. टूर कंपनीमार्फत विमा घेतला असेल तर हातात फक्त दोन पानांचं प्रमाणपत्र असतं, नियम मूळ पॉलिसीत असतात. कंपनीला ईमेल करून पूर्ण पॉलिसी आणि नकार कोणत्या कलमाच्या नेमक्या कोणत्या वाक्यावर आधारलेला आहे ते लेखी मागायचं. या प्रकरणात हे उत्तर पाच दिवसांत आलं आणि पुढचा सगळा वाद त्याच वाक्यांवर झाला.

पॉलिसीतल्या तीन जागा एकत्र वाचायला लागतात: रद्द होण्याची मान्य कारणं, व्याख्या आणि वगळलेल्या गोष्टी. मान्य कारणांच्या यादीत होतं: विमाधारक, सहप्रवासी किंवा त्यांपैकी कोणाचे जवळचे कुटुंबीय यांना पॉलिसी घेतल्यानंतर अचानक उद्भवलेल्या आजारामुळे किंवा अपघातामुळे 24 तासांहून अधिक काळ रुग्णालयात दाखल करावं लागणं. जवळच्या कुटुंबीयांच्या व्याख्येत पती-पत्नी, मुलं आणि आई-वडील होते, सासू-सासरे नव्हते. वगळलेल्या गोष्टींमध्ये ‘विमाधारक किंवा कुटुंबीयाच्या पूर्वीपासूनच्या आजारातून उद्भवणारं’ असं होतं.

इथे एक बारकावा आहे. काही पॉलिसींत हे वगळणं फक्त विमाधारकाच्या स्वतःच्या जुन्या आजारापुरतं असतं. तसं असेल तर आईच्या मधुमेहाचा प्रश्नच उरत नाही, कारण आई विमाधारक नाही, आणि अपील एका पानात संपतं. इथे ‘किंवा कुटुंबीयाच्या’ हे शब्द असल्याने तो रस्ता बंद होता. उरला प्रश्न ‘उद्भवणारं’ या शब्दाचा. आईला मधुमेह आहे हे कोणी नाकारत नव्हतं. पण त्या दिवशीचं दाखल होणं मधुमेहातून उद्भवलं होतं का? उद्भवलं होतं ते उन्हातून. घरचे पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, ‘मायला ऊन लागलं.’ अडचण ही की रुग्णालयाच्या कागदावर ते कुठेही नव्हतं.

डिस्चार्ज कार्डवरचं निदान होतं: डिहायड्रेशन, भान हरपलेली अवस्था, आणि पुढे लगेच, ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’, म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण. हा शेवटचा शेरा डॉक्टर सवयीने लिहितात. रुग्णाची पार्श्वभूमी म्हणून त्याला अर्थ आहे, पण दावा तपासणारा तो कारण म्हणून वाचतो. मधुमेही माणूस, भान हरपलेलं, तर साखर कमी-जास्त झाली असणार, असा निष्कर्ष तो कार्ड पाहून दहा सेकंदांत काढतो. त्याची चूक दाखवायची तर कार्डाच्या मागचे कागद पुढे आणावे लागतात.

ते कागद म्हणजे इनडोअर केस पेपर: दाखल करतानाची नोंद, रोजच्या तपासणीच्या नोंदी, परिचारिकांचा तापमान-नाडी-श्वासाचा तक्ता, औषधांचा तक्ता आणि सगळे तपासणी अहवाल. हे मागायचा रुग्णाला हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि त्या उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपून ठेवायच्या असतात. अर्ज रुग्णाच्या किंवा अधिकृत नातेवाइकाच्या सहीने द्यायचा आणि प्रतीवर पोहोच घ्यायची. रुग्णालयाने आधी ‘डिस्चार्ज कार्ड दिलं आहे ना’ असं सांगितलं. नियमाचा उल्लेख असलेला लेखी अर्ज दिल्यावर तिसऱ्या दिवशी 41 पानांच्या शिक्का मारलेल्या प्रती मिळाल्या.

त्या 41 पानांतली चार पानं कामाची निघाली. परिचारिकेच्या तक्त्यात दाखल होतानाचं काखेतलं तापमान 105 अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे साधारण 40.6 सेल्सिअस. काखेतलं तापमान शरीराच्या आतल्यापेक्षा कमीच दाखवतं, त्यामुळे आतलं याहून जास्त असणार. उष्माघाताची वैद्यकीय ओळख दोन गोष्टींनी होते: शरीराचं आतलं तापमान 40 सेल्सिअसच्या वर आणि मेंदूच्या कामात बिघाड, म्हणजे असंबद्ध बोलणं, शुद्ध हरपणं. दोन्ही नोंदी त्याच पानावर होत्या, फक्त ‘उष्माघात’ हा शब्द नव्हता. उपचारांच्या नोंदीत ओल्या चादरी, बर्फाच्या पिशव्या आणि सलाइन होतं. उन्हाने तापलेलं शरीर थंड करण्याची हीच पद्धत आहे. इन्सुलिनचा जादा डोस किंवा ग्लुकोज कुठेही नव्हतं.

दुसरं पान रक्तातल्या साखरेचं. दाखल होताना 182 आली होती आणि लघवीत कीटोन नव्हते. 70 च्या खाली गेली असती तर साखर उतरून भान हरपलं असं म्हणता आलं असतं. फार चढली असती आणि कीटोन असते तर मधुमेहातून आलेली गुंतागुंत म्हणता आली असती. 182 ही मधुमेही माणसाची त्या धावपळीतली साधी साखर आहे, तिने कोणी बरळत नाही. तिसरं पान मेंदूच्या सीटी स्कॅनचं: रक्तस्राव नाही, झटका नाही. रक्तदाबाच्या बाजूने पक्षाघाताची शंका त्याने मिटली. चौथं पान मलेरिया आणि डेंग्यूच्या चाचण्यांचं, दोन्ही निगेटिव्ह. हे पान लोक जोडत नाहीत, पण ‘हा साधा संसर्गाचा ताप असेल’ ही पळवाट त्याने बंद होते.

यानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. इथे एक चूक फार महागात पडते. घरचे जाऊन सांगतात, ‘साहेब, कार्डवर उष्माघात लिहून द्या ना,’ आणि कधी कधी डॉक्टर जुन्या तारखेचं नवं कार्ड देतात. कंपनीकडे पहिलं कार्ड आधीच गेलेलं असतं. दोन वेगळी कार्डं दिसली की प्रकरण थेट बनावट कागदांच्या तपासाकडे जातं, आणि मग खरा दावाही वाचत नाही. जुन्या कागदाला हात न लावता आजच्या तारखेचं वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं. मी डॉक्टरांना मुद्दे लिहून दिले, शब्द त्यांचे. अंतिम मजकूर साधारण असा झाला:

‘वरील रुग्णास 16 मे रोजी दाखल करताना तापमान 105 अंश फॅरनहाइट होते, भान हरपलेले होते व त्वचा कोरडी होती. रक्तातील साखर, कीटोन तपासणी व मेंदूचा सीटी स्कॅन पाहता मधुमेह अथवा रक्तदाबाच्या गुंतागुंतीचा पुरावा नाही. उन्हात दीर्घकाळ राहिल्याने झालेला उष्माघात हे दाखल होण्याचे तात्कालिक कारण आहे. 20 मेपर्यंत रुग्णालयातील उपचार आवश्यक होते व या काळात मुलाची उपस्थिती गरजेची होती.’

शेवटचं वाक्य या पॉलिसीत बंधनकारक नव्हतं. तरी घेतलं, कारण ‘18 तारखेला रुग्ण आयसीयूतून बाहेर आली होती, मग गेला का नाहीत’ हा प्रश्न येणार हे दिसत होतं. तो पुढे आलाच. उत्तर सोपं आहे: मान्य कारणात आयसीयूची अट नाही, 24 तासांहून जास्त दाखल राहण्याची आहे, आणि ही रुग्ण 91 तास दाखल होती.

आता कंपनीच्या डॉक्टरांचा सगळ्यात गंभीर मुद्दा. मधुमेही आणि वयस्कर माणसांना उष्माघाताचा धोका जास्त असतो हे वैद्यकशास्त्र सांगतं, आणि ते खरं आहे. अपिलात ते नाकारू नये. नाकारलं की बाकीच्या मुद्द्यांवरचा विश्वासही जातो. उत्तर असं द्यायचं की धोका वाढवणारी स्थिती वेगळी आणि कारण वेगळं. वगळणाऱ्या कलमात ‘उद्भवणारं’ आहे, ‘धोका वाढवणारं’ नाही. मे महिन्यात गच्चीवर भर दुपारी काम करणाऱ्या, मधुमेह नसलेल्या बाईलाही ऊन लागतं. जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात मे महिन्यात हे दिसतं.

पण याला मर्यादा आहे. काही पॉलिसींत ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, त्यामुळे किंवा त्याच्या सहभागाने’ असे रुंद शब्द असतात. तिथे हा युक्तिवाद बराच कमजोर पडतो. तसंच रुग्ण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असती तर त्या गोळीने शरीरातलं पाणी कमी झालं असं कंपनीला म्हणता आलं असतं. या बाईंना अम्लोडिपिन सुरू होतं, ती त्या प्रकारची गोळी नाही. तिची जुनी चिठ्ठीही जोडली.

हवामानाचा पुरावा जोडला, पण मर्यादित कामासाठी. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीतलं जळगावचं त्या दिवशीचं कमाल तापमान एका पानावर दिलं. याने आजाराचं कारण पटतं, एवढंच. घरच्यांचं म्हणणं होतं की दावा ‘नैसर्गिक आपत्ती’ या कारणाखालीही टाकावा, म्हणजे एक तरी लागेल. ते टाळलं. त्या पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीचं कारण प्रवासाच्या ठिकाणी किंवा वाहतुकीवर परिणाम झाला तरच लागू होतं. न बसणारं कारण सोबत दिलं की बसणारं कारणही ‘काहीतरी करून बसवलेलं’ वाटू लागतं. शिवाय ‘उष्णतेची लाट आपत्ती होती’ असं म्हटलं की कंपनी विचारते, खान्देशात मेमध्ये ऊन असतं हे एप्रिलमध्ये माहीत नव्हतं का? ‘अचानक उद्भवलेला’ हा शब्द ऋतूबद्दल नाही, त्या माणसाच्या आजाराबद्दल आहे. 2 एप्रिलला ती बाई ठणठणीत होती, एवढंच दाखवायचं. मार्चमधली तिची नेहमीची तपासणी त्यासाठी पुरली.

सुनेचा दावा वेगळ्या वाटेने गेला. सासू तिच्या व्याख्येत नाही हे मान्य केलं. पण मान्य कारणात ‘सहप्रवासी किंवा त्याचे जवळचे कुटुंबीय’ हे शब्द होते. नवरा तिचा सहप्रवासी, आणि रुग्ण ही त्याची आई. एका पीएनआरवर दोघांची तिकिटं, एकाच खोलीचं आरक्षण, एकाच पावतीत दोघांचे पैसे, हे तीन कागद जोडले. नकार देणाऱ्याने फक्त व्याख्येचं पान पाहिलं होतं, कारणांचं पान त्या नजरेने वाचलंच नव्हतं. कुटुंबाने सहल काढली की प्रत्येक माणसाचा दावा स्वतंत्र तपासला जातो, म्हणून प्रत्येकासाठी कोणतं वाक्य लागू आहे ते वेगळं लिहायला हवं.

अपील आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जातं. तीन पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदात पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक आणि मागणीची रक्कम. मग मान्य कारणाचं वाक्य जसंच्या तसं उतरवून त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासमोर कागद ठेवायचा. ‘जवळचे कुटुंबीय’: आईचं आधार आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव. ‘पॉलिसी घेतल्यानंतर’: पॉलिसीची आणि दाखल होण्याची तारीख. ‘24 तासांहून अधिक’: दाखल होण्याची आणि सुटण्याची वेळ. ‘अचानक उद्भवलेला आजार’: प्रमाणपत्र आणि ती चार पानं. वगळणाऱ्या कलमाचं उत्तर यानंतर, स्वतंत्र. दावा कारणात बसतो हे विमाधारकाने दाखवायचं असतं, आणि वगळणारं कलम लागू आहे हे कंपनीने. न्यायालयांनी हे तत्त्व वारंवार मान्य केलं आहे. म्हणून लिहिलं: मधुमेहातून हा आजार उद्भवला असं दाखवणारी एकही तपासणी कंपनीने दिलेली नाही, ज्ञात रुग्ण असल्याचा शेरा हा पुरावा नव्हे.

इंटरनेटवरून निकाल उचलून जोडायची सवय इथे घात करते. सर्वोच्च न्यायालयाचा मनमोहन नंदा हा 2021 चा निकाल परदेश प्रवासाच्या विम्याबद्दलच आहे, म्हणून सगळे तो जोडतात. पण त्यात प्रवाशालाच अमेरिकेत पोहोचल्यावर हृदयविकाराचा झटका आला होता आणि वाद आधीची माहिती लपवली का, हा होता. आपला वाद माहिती लपवण्याचा नव्हता, म्हणून पहिल्या पत्रात तो घातला नाही.

तक्रार निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. 5 जुलैच्या अपिलाला 18 जुलैला उत्तर आलं: नवऱ्याचा दावा अर्धा द्यायला तयार आहोत, पत्नीचा नाही. सोबत पूर्ण आणि अंतिम समझोत्याचं पत्र सहीसाठी होतं. त्यावर सही केली की पुढचे सगळे रस्ते संपतात. सही न करता कारणासह लेखी नकार कळवला.

पुढची पायरी विमा लोकपाल. मधे विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवता येते, पण तिथून तक्रार कंपनीकडेच जाते आणि नियामक दाव्याचा निवाडा करत नाही. कंपनी उत्तरच देत नसेल तर तिथे नोंदवावी. इथे उत्तर आलेलं होतं, म्हणून थेट लोकपालाकडे गेलो. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी पुण्याचं कार्यालय आहे. अर्ज cioins.co.in वर ऑनलाइन भरता येतो, शुल्क नाही आणि वकील चालत नाही. कंपनीला लेखी तक्रार करून नकार आलेला असावा किंवा महिनाभर उत्तर आलेलं नसावं, नकारापासून एक वर्षाच्या आत यावं, मागणी 50 लाखांपर्यंत असावी आणि हाच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात सुरू नसावा, एवढ्या अटी आहेत. शेवटची अट लोक विसरतात: घाईने जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली की लोकपालाचं दार बंद होतं. उलट क्रमाने जाता येतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदार समाधानी नसेल तर तो आयोगात जाऊ शकतो. तिथली मुदत दोन वर्षांची आहे.

2 ऑगस्टला अर्ज केला. काही आठवड्यांनी कंपनीची बाजू मांडणारं टिपण आलं, त्याला सेल्फ कंटेन्ड नोट म्हणतात. ते नकारपत्राशेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहायचं. इथे नवं कारण घुसवलेलं सापडलं: आईचा मधुमेह प्रस्तावात कळवला नव्हता. प्रस्तावात कुटुंबीयांच्या आजाराबद्दल रकानाच नव्हता, तो कोरा प्रस्ताव जोडला. शिवाय नकारपत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या 2019 च्या निकालात सांगितलं आहे. तो निकाल या जागी नेमका लागू पडत होता, म्हणून इथे जोडला.

सुनावणी व्हिडिओवर झाली, वीस मिनिटांत संपली. मुलाला सांगून ठेवलं होतं की आईची अवस्था सांगत बसू नकोस, तापमानाचं पान आणि साखरेचं पान कोणत्या क्रमांकावर आहे ते सांग. लोकपालांनी विचारलं ते दोनच: तापमान कोणी मोजलं, आणि पॅकेजचे पैसे परत मिळवायचा प्रयत्न केला का.

दुसऱ्या प्रश्नावर फाइल थोडी अडली. विमान आणि पॅकेज 17 मेला, म्हणजे निघायच्या दोन दिवस आधी, लेखी रद्द केलं होतं, ते बरं झालं. तिकीट रद्द न करता नुसतं गैरहजर राहिलं तर कंपनी म्हणते, परत मिळू शकणारे पैसे तुम्ही स्वतः घालवलेत. गैरहजर राहिल्यावरही कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतात, पण ते मागावे लागतात. पॅकेजच्या बाबतीत टूर कंपनीच्या ईमेलमध्ये एक वाक्य होतं: शेवटच्या हॉटेलकडून 9,000 रुपयांपर्यंत परतावा मिळू शकतो, विचारून सांगतो. त्यानंतर ना त्यांनी कळवलं, ना घरच्यांनी पाठपुरावा केला. रद्द केल्यावर आठवडाभरात ‘परतावा शून्य’ असं लेखी घ्यायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी निवाडा आला. दोघांचेही दावे मान्य झाले, ते 9,000 आणि दोघांचे मिळून 5,000 वजा झाले, आणि 1,20,600 रुपये व्याजासह द्यायचा आदेश झाला. कंपनीने 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात. चोविसाव्या दिवशी खात्यात बरोबर 1,20,600 आले, व्याज नव्हतं. व्याजाचा दर बँक रेटपेक्षा 2 टक्के जास्त असतो. तारखा, दिवस आणि आकडा मांडून एक ईमेल कंपनीला आणि प्रत लोकपाल कार्यालयाला पाठवली. अकराव्या दिवशी व्याज जमा झालं.